कीवर्ड रिसर्चचं काम घेतलंय, ब्लॉगवाल्या ताईंच्या हातात नेमकं काय द्यायचं?

स्वाती_चिकोडी
नमस्कार मंडळी. मी चिकोडीची, घरी बसून कंटेंट लिहायची कामं करते. आता पहिल्यांदा नुसत्या कीवर्ड रिसर्चचं काम आलंय, म्हणजे लोक गूगलवर काय काय टाकून शोधतात ते शब्द काढायचे. बेळगावच्या एक ताई आहेत, त्यांचा खाण्यापिण्याचा ब्लॉग आहे, कुंदा, मांडे, गोकाकचा करदंट असं सगळं आपल्या भागातलं. निम्म्या पोस्ट मराठीत, निम्म्या इंग्रजीत. त्या काही विकत नाहीत, ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसे येतात तेवढेच. पुढच्या तीन महिन्यांत काय लिहायचं ते त्यांना ठरवून पाहिजे आणि त्यासाठी त्यांनी मागितलंय काय तर "३०० कीवर्डची यादी".
यादी मला काढता येते हो, पण ३०० ओळी बघून त्या उद्या सकाळी काय लिहायला बसणार तेच मला कळेना. दुसरं म्हणजे सर्च इंटेंट. शोधणाऱ्याला काय पाहिजे ते ओळखायचं एवढं समजलं, पण ओळखायचं कशावरून, अंदाजानं? आणि पैसे किती सांगू तेही सांगा.

पक्या_निपाणी
एवढं काय अवघड नाही त्यात. गूगल कीवर्ड प्लॅनर उघड, kunda, mande, kardant टाक, जे येतील ते सर्च व्हॉल्यूमवर लाव मोठ्यापासून बारीक, आणि कॉम्पिटिशनच्या रकान्यात जिथं लो लिहिलंय ते उचल. व्हॉल्यूम जास्त कॉम्पिटिशन कमी, झालं काम. मी असंच करतो.

संकेश्वरी_मिरची
सकाळी सकाळी कुंदा, मांडे, करदंट एका ओळीत. धागा वाचायच्या आधी डबा उघडावा लागला.

दिगू_खानापूर
पक्या, प्लॅनर उघडायचा हे बरोबर पण त्यातलं कॉम्पिटिशन जाहिरात देणाऱ्यांचं असतं बाबा. त्या शब्दावर किती लोक पैसे लावून जाहिरात द्यायला बसलेत तेवढंच ते सांगतं. ब्लॉगपोस्ट वर यायला किती जड जाईल याचा आणि त्याचा काही संबंध नाही. कुंद्याच्या रेसिपीवर कोण कशाला जाहिरात देईल, म्हणून तिथं लोच दिसणार, आणि रिझल्ट उघडून बघ तर पहिल्या पानावर सगळ्या जुन्या मोठ्या रेसिपी साइट बसलेल्या.
आता व्हॉल्यूमचं. स्वाती, तू नुसतं kunda टाकून बघच. आकडा मोठा दिसेल आणि मन हरखेल, पण उत्तर प्रदेशात प्रतापगढ जिल्ह्यात कुंडा म्हणून गाव आहे, विधानसभेचा मतदारसंघ आहे, इंग्रजीत स्पेलिंग तेच. निवडणूक आली की सगळा देश ते शोधतो. शिवाय कुंदा हे बाईमाणसाचं नाव. म्हणजे त्या आकड्यात आपला कुंदा किती ते कुणालाच सांगता यायचं नाही. गूगल ट्रेंड्समध्ये तोच शब्द टाकून खाली राज्यवार बघितलंस की कळतं मागणी कुठून आहे ती. मग belgaum kunda, kunda recipe असं दोन शब्दी धरायचं, आणि प्लॅनरमध्ये जागा पूर्ण भारत न ठेवता कर्नाटक आणि महाराष्ट्र ठेवायची.
अजून एक, जाहिरातीवर खर्च नसला की प्लॅनर नेमका आकडा देत नाही, १०० ते १ हजार असला मोकळा ढाकळा पट्टा देतो. ११० पण त्यातच, ९०० पण त्यातच. त्यावर मोठ्यापासून बारीक लावून काय उपयोग सांग.

पक्या_निपाणी
जाहिरातीचं माहीत नव्हतं मला, मान्य. पण व्हॉल्यूम बघायचाच नाही म्हणता का? गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं, किती लोक शोधतात.

दिगू_खानापूर
बघायचा की. पण पहिली चाळणी म्हणून नव्हे, शेवटची म्हणून. आधी तो शब्द आपल्या ब्लॉगच्या कामाचा आहे का ते ठरवायचं, मग चालणाऱ्यांमध्ये कोण मोठा ते बघायचं.

उद्यमबाग_संजू
माझं पण असंच झालंय. माझं उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचं वर्कशॉप आहे, गूगलवर हायड्रॉलिक टाकलं की बाजूच्या दोघांची नावं मॅपवर येतात आमचं येत नाही. कुठला कीवर्ड टाकू म्हणजे आमचं वर येईल? वेबसाइट नाही, नुसतं मॅपवर नाव आहे.

मुक्काम_शहापूर
संजूभाऊ तुमचं काम वेगळं आहे, तुम्हाला ब्लॉग नकोच. मॅपवरच्या प्रोफाइलमध्ये धंद्याची कॅटेगरी बरोबर आहे का, पत्ता, वेळ, फोटो आहेत का ते बघा, आणि गिऱ्हाइकाला खरा रिव्ह्यू लिहायला सांगा. नावात मुद्दाम "बेस्ट हायड्रॉलिक बेळगाव" असलं काही घुसडू नका, प्रोफाइल बंद पडू शकतं. वेगळा धागा काढा, सांगतो सगळं.

वडगावची_अक्का
मी उलट्या बाजूनं सांगते, म्हणजे काम करून घेणारी म्हणून. माझा शिवणकामाचा ब्लॉग आहे. मागे एकाला पैसे देऊन असंच काम करून घेतलं होतं, त्यानं भली मोठी एक्सेल पाठवली, व्हॉल्यूम, डिफिकल्टी, सीपीसी असले रकाने, लाल हिरवे रंग भरलेले. दिसायला एकदम भारी. पण त्यात "ब्लाउज कटिंग", "ब्लाउज कटिंग मराठी", "ब्लाउज कसा कापायचा", "blouse cutting marathi" असं एकच गोष्ट चाळीस वेळा. मी साधी बाई, मला वाटलं प्रत्येकाची एकेक पोस्ट लिहायची असणार. लिहिल्या तशा पाच सहा. त्यातली एकही धड वर आली नाही आणि आधी जी एक बरी चालायची तीसुद्धा खाली गेली.
मला काय पाहिजे होतं सांगू? पहिली पोस्ट कुठली लिहू, तिला नाव काय देऊ, आत काय काय आलं पाहिजे, आणि जुन्या पोस्टांतली कुठली दुरुस्त करू. बास. ही पोरगी जर तेवढं करून देत असेल तर ३०० ओळी कोण मागत नाही तिला.

स्वाती_चिकोडी
अक्का, हेच मला वाटत होतं पण ताईंना कसं सांगावं कळेना. तुमची गोष्ट त्यांना वाचून दाखवते, चालेल ना?

वडगावची_अक्का
दाखव की गं, त्यात काय विचारायचं.

दिगू_खानापूर
अक्कांनी मूळ दुखणं सांगितलं. ते चाळीस शब्द म्हणजे चाळीस पानं नव्हेत, एकाच पानाची चाळीस नावं आहेत. आता ते ओळखायचं कसं, आणि स्वातीचा इंटेंटचा प्रश्न, दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: गूगलचं रिझल्टचं पान. अंदाज बांधायचाच नाही. माणसं काय उघडतात, काय उघडून परत फिरतात हे बघून बघून गूगलनं ते पान लावलेलं असतं, त्यामुळं शोधणाऱ्याला काय पाहिजे ते तिथं बऱ्यापैकी उमटलेलं असतं.
करायचं असं. मोबाइलवर प्रायव्हेट विंडो उघडायची, म्हणजे आपल्या जुन्या शोधांचा रंग कमी लागतो. पानाच्या तळाशी गूगल जागा कुठली धरतंय ते दाखवतं, ते बघून घ्यायचं, चिकोडीत बसून शोधलेलं आणि पुण्यात बसून शोधलेलं वेगळं येऊ शकतं. मग एकेक शब्द टाकून वरचे दहा रिझल्ट कुठल्या जातीचे आहेत ते लिहून काढायचं. मी कुंद्याचंच करून बघितलं आत्ता.

kunda recipe टाकलं तर फोटोवाल्या रेसिपी, व्हिडिओ, रेसिपी ब्लॉग. सरळ आहे, करून बघणारा माणूस आहे. ताईंचं पान इथं बसू शकतं.

belgaum kunda online टाकलं तर सगळी दुकानं, विकणाऱ्या साइट. शोधणारा पैसे हातात घेऊन उभा आहे. ताई काही विकत नाहीत, मग इथं हजार लोक शोधू देत नाहीतर दहा हजार, यादीतून बाहेर. पक्या, व्हॉल्यूम शेवटी का म्हटलं ते इथं दिसतं बघ.

best kunda in belgaum टाकलं तर वर मॅप, खाली दुकानांच्या याद्या. गावात आलेला नाहीतर यायला निघालेला माणूस. ताई बेळगावच्याच आहेत, स्वतः दुकानं फिरून खाऊन, फोटो काढून लिहिणार असतील तर घ्यावं, घरी बसून लिहिणार असतील तर नको.

नुसतं belgaum kunda टाकलं तर खिचडी. दुकान पण, रेसिपी पण, माहिती पण, फोटो पण. म्हणजे शोधणारेच वेगवेगळे आहेत. असल्या शब्दाच्या मागं लहान ब्लॉगनं लागू नये, त्यातला एक स्पष्ट प्रश्न उचलावा.

मुक्काम_शहापूर
याला एक जोड देतो. दोन शब्दांना एकच पान की दोन, हे कळायला दोन्हीचे पहिले दहा रिझल्ट शेजारी शेजारी ठेवायचे. चार पाच लिंक त्याच असल्या तर एकच पान लिहा. एखादीच सारखी असेल तर दोन वेगळी पानं. kunda recipe आणि how to make kunda at home ला मला बहुतेक लिंका त्याच मिळाल्या, पण milk powder kunda ला वेगळ्या आल्या. ज्याच्याकडं खवा नाही, दूध आटवत बसायला वेळ नाही, त्याला ती वेगळी कृतीच पाहिजे असते.

सदा_यळ्ळूर
मला हे पटत नाही पूर्ण. मराठीत शोधलं तर पहिल्या दहात धड दहा चांगली पानंच नसतात. काहीतरी कन्नड, काहीतरी हिंदी, एखादं मशीननं भाषांतर केलेलं, दोन व्हिडिओ. तिथं गूगलला इंटेंट कळलाय म्हणून ते वर आहेत असं नाही, दुसरं काही नाही म्हणून ते वर आहेत. त्यावरून आपण काय शिकणार?

दिगू_खानापूर
सदाभाऊ, हा आक्षेप खरा आहे. "कुंदा कसा बनवायचा" असं देवनागरीत टाकलं की असंच होतं. तिथं मी रिझल्टवर कमी आणि गूगल आपणहून जे पुढचे शब्द सुचवतो, खाली लोक अजून काय विचारतात ते देतो, त्यावर जास्त भर देतो. आणि ज्या ब्लॉगला थोडं वय आहे त्याला तर याहून चांगली जागा आहे, गूगलचं सर्च कन्सोल.
स्वाती, ताईंचा पासवर्ड अजिबात मागू नकोस. त्यांना सांग सेटिंगमध्ये जाऊन तुझा ईमेल युजर म्हणून जोडा, रिस्ट्रिक्टेड परवानगी दिली तरी तुला आकडे बघायला पुरते. तिथं मागच्या १६ महिन्यांचं मिळतं. कुठल्या शब्दांवर त्यांची पोस्ट लोकांसमोर आली, कितींनी उघडली, साधारण कितव्या नंबरवर होती. यातला मला सगळ्यात कामाचा पट्टा म्हणजे ८ ते २० नंबर. पोस्ट दिसतेय, पण उघडायला माणूस तिथवर पोचत नाही. हे शब्द कुठल्या टूलनं सांगितलेले नाहीत, खऱ्या माणसांनी टाकलेत. मराठीच्या बारक्या प्रश्नांना प्लॅनर काहीच आकडा दाखवत नाही, आणि इथं मात्र त्यातले बरेच दिसतात.

स्वाती_चिकोडी
ताईंनी कालच जोडलं मला! बघितलं आणि एक गंमत सापडली. त्यांच्या इंग्रजी कुंदा रेसिपीच्या पोस्टला kunda shelf life, how many days kunda can be stored, kunda without fridge असे बरेच शब्द लागलेत, नंबर १२ ते १८ च्या मधे, क्लिक जवळजवळ नाहीत. आणि पोस्टमध्ये टिकण्याबद्दल फक्त शेवटी एक ओळ आहे. याची वेगळी पोस्ट करायची का तिथंच वाढवायचं?
आणि बेरीज जुळत नाही, वर एकूण क्लिक दिसतात त्यापेक्षा खालच्या शब्दांचे क्लिक मिळून कमी भरतात. माझं काही चुकतंय का?

दिगू_खानापूर
नाही. जे शब्द फार थोड्या लोकांनी टाकलेत ते गूगल खाजगीपणासाठी लपवतो, म्हणून बेरीज कमीच येणार. लहान ब्लॉगला तर जास्तच तफावत दिसते. ताईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर हिशोब चुकला म्हणतील.
वेगळी पोस्ट का तिथंच, त्याला मुक्काम शहापूरवाल्यांची रीत लाव. kunda shelf life चे दहा आणि kunda recipe चे दहा शेजारी ठेव, आणि काय येतं ते इथं सांग.

संकेश्वरी_मिरची
कुंदा किती दिवस टिकतो हा प्रश्न आमच्या घरी कधी आलाच नाही.

स्वाती_चिकोडी
😀 ठेवले शेजारी. फक्त एक लिंक सारखी आली. शेल्फ लाइफला मिठाई विकणाऱ्यांची प्रश्नोत्तरांची पानं आली, एकदोन चर्चा आल्या, नीट असं उत्तर कुठंच नाही. आणि "अजून काय विचारतात" मध्ये प्रवासात न्यायचं, परदेशात पाठवायचं असले प्रश्न.

दिगू_खानापूर
मग वेगळी पोस्ट. शोधणारा करणारा नाहीच, विकत घेऊन गावी चाललेला आहे. त्याला दूध किती तास आटवायचं याच्याशी देणंघेणं नाही. पहिल्याच दोन वाक्यात त्याला उत्तर पाहिजे: बाहेर किती, फ्रिजमध्ये किती, खराब झाला कशावरून ओळखायचा. आणि ते दिवस ताईंनी दुकानदारांना विचारून, स्वतः ठेवून बघून लिहायचे, दुसऱ्या साइटवरून उचलायचे नाहीत. खाण्याची गोष्ट आहे, कुणाचं पोट बिघडायला नको. मग रेसिपीच्या पोस्टमधली ती एक ओळ या नव्या पोस्टला लिंक करायची.

सदा_यळ्ळूर
आणि नावाचं काय करायचं? बेळगाव लिहायचं, बेळगावी लिहायचं, Belgaum का Belagavi?

पक्या_निपाणी
झालं, आता धागा १०० वर जाणार.

मुक्काम_शहापूर
इथं फक्त शोधाचं बोलूया, बाकीच्याला दुसरे धागे आहेत. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, तरी मिठाईच्या बाबतीत belgaum kunda च चालतं असं मला ट्रेंड्सवर दिसतं. उलट सरकारी कामं, परीक्षा, बस असल्या शोधात belagavi बरंच दिसतं. प्रत्येक विषयाला वेगळं तपासायचं. गूगलला दोन्ही नावं एकच गाव आहेत हे कळतं, त्यामुळं दोन नावांच्या दोन पोस्ट करायच्या नाहीत.

सदा_यळ्ळूर
ते ठीक. पण मराठी माणूस मोबाइलवर kunda recipe in marathi असं इंग्रजी अक्षरात टाकतो आणि वाचायला मराठी मागतो. तेव्हा मराठी पोस्टचं शीर्षक देवनागरीत ठेवायचं का त्यात रोमन पण घालायचं? मी तर घालतो दोन्ही.

दिगू_खानापूर
मी शीर्षक देवनागरीतच ठेवतो आणि पोस्टचा पत्ता तेवढा रोमन अक्षरात, belgaum-kunda-recipe-marathi असा. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या खुणांची माळ होते. शीर्षकात दोन्ही घातलं की मोबाइलवर कापलं जातं आणि वाचायला पण बरं दिसत नाही.

सदा_यळ्ळूर
माझ्या पोस्टांना दोन्ही घातल्यावर क्लिक वाढलेत, माझा अनुभव मी सोडणार नाही.

दिगू_खानापूर
सोडू नका. पण तेव्हा पोस्टीत अजून काही बदललं होतं का तेही बघा. स्वाती, ताईंच्या दोनतीन पोस्टांवर तसं करून महिना दोन महिने सर्च कन्सोलमध्ये बघ, बाकीच्या तशाच ठेव.

वडगावची_अक्का
अरे पण तिच्या पहिल्या प्रश्नाचं काय झालं, हातात द्यायचं काय नि पैसे किती?

मुक्काम_शहापूर
मी देतो त्यात एका ओळीला एक पान असतं. शब्द एका ओळीला एक नाही, पान. त्या ओळीत मुख्य शब्द, त्याच पानात येणारे बाकीचे शब्द, शोधणाऱ्याला काय पाहिजे ते एका साध्या वाक्यात, पान कुठल्या जातीचं, नवीन का जुनं दुरुस्त, आत काय आलंच पाहिजे, कुठल्या पोस्टला जोडायचं, आणि आधी का नंतर. रिझल्ट कुठल्या तारखेला बघितले तेही लिहितो, कारण ते बदलतात. तीन महिन्यांना आठवड्याला एक धरलं तर १२ ओळी. सोडून दिलेले शब्द वेगळ्या टॅबमध्ये, का सोडले त्या कारणासकट. ३०० मागणाऱ्याचं समाधान त्या टॅबनं होतं.
पैसे शब्दावर घेऊ नका, पानावर नाहीतर पूर्ण कामावर घ्या. शब्दावर घेतले की यादी फुगवायचा मोह होतो. मी असल्या १२ ओळींना ६००० घेतो, त्यात शेवटी एक तास फोनवर समजावणं धरून.

पक्या_निपाणी
६०००? आमच्याकडं निपाणीत २००० म्हटलं तरी लोक फोन ठेवतात.

मुक्काम_शहापूर
निपाणीतलीच गिऱ्हाइकं कशाला धरायची, काम तर ऑनलाइन आहे.

पक्या_निपाणी
ओळखीतून येणारी निपाणीतलीच असतात हो. सगळ्यांना बाहेरची मिळत नाहीत.

स्वाती_चिकोडी
पैशाचं बघते, पहिलं काम आहे म्हणून मधला आकडा सांगेन. बाकी पहिल्या तीन ओळी अशा केल्यात, चुकत असेल तर सांगा.

पहिली, जुनी पोस्ट दुरुस्त: इंग्रजी कुंदा रेसिपी. शोधणाऱ्याला घरी करून बघायचाय. दूध, दही, साखर, खवा मापात वर घ्यायचं, रंग तपकिरी का येत नाही, दाणेदार का होत नाही हे दोन प्रश्न वाढवायचे, दोन्ही सर्च कन्सोलमध्ये आहेत. टिकण्याची ओळ नव्या पोस्टला जोडायची.
दुसरी, नवीन: कुंदा किती दिवस टिकतो. विकत घेऊन प्रवासाला निघालेला माणूस. उत्तर पहिल्या दोन वाक्यांत.
तिसरी, नवीन: गोकाक करदंट, घरी करायची कृती, मराठीत. पोस्ट गूगलवर नंबर एकला येईल असं लिहू का? ताई विचारत होत्या.

दिगू_खानापूर
नंबरचं वचन अजिबात लिहू नकोस, ते कुणाच्याच हातात नाही. तीन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये काय बघायचं तेवढं लिही: दुरुस्त केलेली पोस्ट जास्त वेळा दिसायला लागली का, १२ ते १८ मधले शब्द वर सरकले का. नवीन पोस्टला तेवढ्यात काही दिसलं नाही तरी घाबरायचं नाही, त्यांना वेळ लागतो.
पहिल्या दोन ओळी चांगल्या. तिसरीत करदंटाचे रिझल्ट बघितलेस का? मला तिथं विकणारी दुकानं बरीच दिसली, रेसिपी थोड्या.

स्वाती_चिकोडी
kardant recipe चे बघितले, नुसत्या gokak kardant चे नाही. रेसिपीवाल्यात ब्लॉग आहेत, पण देवनागरीत टाकलं तर जवळजवळ काहीच नाही.

दिगू_खानापूर
मग मुख्य शब्द gokak kardant न लिहिता kardant recipe in marathi आणि "करदंट रेसिपी" लिही, आणि gokak kardant online ला सोडलेल्यांच्या टॅबमध्ये टाक. देवनागरीत काही नाही म्हणजे जागा मोकळी आहे, का शोधणारंच कुणी नाही, हे पोस्ट टाकल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून ती ओळ तिसरी न ठेवता जरा खाली ढकल, आधी ज्याचे आकडे हातात आहेत ते.

सदा_यळ्ळूर
मी असतो तर ती पहिली टाकली असती. मोकळी जागा रोज मिळत नाही.

उद्यमबाग_संजू
मॅपचा वेगळा धागा काढलाय, मुक्काम शहापूर बघा की जरा.